छायाचित्रातील नऊ ओळी : चौलच्या वाचनयादीपासून सटीप ग्रंथसूचीपर्यंत

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांचा आमचा लहानसा गट चौलविषयी एक भित्तिपत्रक तयार करीत होता. त्या वेळी एका सहाध्यायाने भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र पाठविले. वसतिगृहात असताना इतिहासाच्या गुरुजींनी चौल-रेवदंड्याच्या सहलीपूर्वी हाताने लिहून दिलेली वाचनयादी त्यात होती. कागदाला मधोमध घडी पडलेली, उजव्या कोपऱ्यावर अंगठ्याची सावली आणि एकंदर नऊ ओळी. यादी जपून ठेवल्याबद्दल त्या सहाध्यायाचे आम्ही आभार मानले आणि सायंकाळपर्यंत ग्रंथसूची तयार करून टाकू असे ठरविले. प्रत्यक्षात त्या कामाला आम्हांस तीन रविवार लागले. ते का लागले आणि त्यातून काय हाती आले, ते येथे क्रमाने मांडीत आहोत. कारण अशी छायाचित्रे आज प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत पडून असतात.

वाचनयादी आणि सटीप ग्रंथसूची या दोन निराळ्या वस्तू आहेत. वाचनयादी म्हणजे जाणत्या माणसाने स्वतःच्या स्मरणासाठी केलेली खूण. 'गोखले — कान्हेरी' एवढे लिहिले की लिहिणाऱ्याला सारे आठवते. सटीप ग्रंथसूचीत मात्र अनोळखी वाचकाला तेच पुस्तक, त्याच आवृत्तीत, शोधता आले पाहिजे. आणि ते का उघडावे, हे प्रत्येक नोंदीखालच्या एका ओळीतून समजले पाहिजे. पहिल्या वस्तूपासून दुसरीपर्यंत जाण्यात चार पायऱ्या आहेत : छायाचित्रातील मजकूर जसाच्या तसा उतरविणे, प्रत्येक ओळीमागचे पुस्तक ओळखणे, ते ताडून पाहणे आणि शेवटी टीप लिहिणे. आमच्या चुका मुख्यतः पहिल्या आणि चौथ्या पायरीवर झाल्या.

उतरविणे

पहिल्या रविवारी आमच्यापैकी एकाने यादी वाचून दाखविली आणि दुसऱ्याने ती स्वच्छ अक्षरांत लिहून घेतली. लिहिता लिहिता त्याने गुरुजींचे संक्षेप पूर्ण केले, नावे 'सुधारली' आणि अस्पष्ट जागी स्वतःला योग्य वाटले ते घातले. परिणाम असा झाला की मूळ ओळीत काय होते आणि आमचे अनुमान काय होते, हे संध्याकाळी आम्हांलाच सांगता येईना. ती प्रत आम्ही फाडून टाकली.

दुसऱ्या खेपेस वहीचे पान तीन रकान्यांत विभागले. पहिल्या रकान्यात ओळीचा क्रमांक आणि छायाचित्रात दिसते तेवढेच, चुकांसह व संक्षेपांसह. जेथे अक्षर दिसत नाही तेथे टिंबे. जेथे शंका आहे तेथे अक्षरापुढे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या रकान्यात 'हे अमुक पुस्तक असावे' असे आमचे अनुमान. तिसऱ्यात, पुस्तक प्रत्यक्ष पाहिल्यावर किंवा ग्रंथालयाच्या तालिकेत सापडल्यावर, शीर्षकपृष्ठावरील खरा तपशील. पहिल्या रकान्यात एकदा लिहिलेले पुन्हा बदलायचे नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला. पुढे ज्या दोन चुका सापडल्या, त्या या एका नियमामुळेच सापडल्या.

पहिला रकाना असा भरला :

१. पेरिप्लस (शॉफ) १९९?२
२. डा कुन्हा — चौल व वसई १८७६
३. गॅझे. कुलाबा १८८३
४. गोखले — कान्हेरी १९९१
५. कित्ता — महाराष्ट्रातील बौद्ध धर्म १९७६
६. बर्जेस व ….. केव्ह टेंपल्स ….. १८८…
७. रे — मोनॅस्टरी अँड गिल्ड १९८६
८. बार्बोसा भा. १
९. गोगटे — चौल बंदर २००६

पहिल्या ओळीतील साल पाहावे. हस्ताक्षरात देवनागरी १ आणि ९ यांत फरक असतो तो केवळ गाठीचा आणि शेपटीच्या वळणाचा. घडीच्या रेषेवर तो पुसला जातो. आमच्यापैकी दोघांना ते १९९२ वाटले. 'शॉफचा अनुवाद जुना आहे, म्हणजे १९१२च असणार', असे म्हणून पुढे जाणे सोपे होते. पण जुन्या ग्रंथांची भारतात पुष्कळ पुनर्मुद्रणे निघतात, तेव्हा १९९२ अशक्य आहे असेही म्हणता येत नव्हते. उपाय त्याच कागदावर होता. चौथ्या ओळीत त्याच हाताने १९९१ लिहिले आहे. तेथे दोन्ही अंक शेजारी-शेजारी स्पष्ट दिसतात. गुरुजी ९ची शेपटी ओळीच्या खाली ओढतात, १ची ओढीत नाहीत. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर पहिल्या ओळीतला तिसरा अंक ओळीवरच थांबलेला दिसला. म्हणजे १९१२. अस्पष्ट अंकाची तुलना आपल्या कल्पनेशी करू नये. त्याच हाताच्या स्पष्ट अंकाशी करावी.

ओळखणे

चौथी व पाचवी ओळ आम्हांला सर्वांत सोपी वाटली आणि तेथेच आम्ही फसलो. जमाखर्चाच्या वहीत 'कित्ता' म्हणजे वरच्याप्रमाणे. म्हणून दोन्ही पुस्तके एकाच गोखल्यांची धरली. चौथ्या ओळीचे पुस्तक लगेच सापडले : शोभना गोखले यांचे 'कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स', डेक्कन कॉलेज, पुणे, १९९१. त्याच लेखिकेच्या नावावर १९७६ सालचे महाराष्ट्रातील बौद्ध धर्मावरचे पुस्तक मात्र कोणत्याही तालिकेत मिळेना. लेखिकेचे नाव बाजूला ठेवून साल आणि विषय यांवरून शोधले, तेव्हा ते सापडले : 'बुद्धिझम इन महाराष्ट्र : अ हिस्टरी', पॉप्युलर प्रकाशन, मुंबई, १९७६, लेखक बाळकृष्ण गोविंद गोखले. आडनाव तेच, व्यक्ती निराळी. गुरुजींच्या 'कित्ता'चा अर्थ 'तेच आडनाव' एवढाच होता. त्यांच्या स्मरणात दोन गोखले स्वतंत्र उभे होते. आम्ही तिसरा रकाना न भरता यादी छापली असती, तर एका विदुषीच्या नावावर दुसऱ्या विद्वानाचे पुस्तक चढले असते आणि आमच्यावरून उतरवून घेणाऱ्याने तीच चूक पुढे नेली असती.

यावरून एक खूण ध्यानात आली. नोंदीत लेखक, शीर्षक, साल व प्रकाशक असे चार दुवे असतात. वाचनयादीत त्यांपैकी दोन किंवा तीनच असतात. शोधताना एक दुवा जुळत नसेल, तर तोच दुवा सोडून बाकीच्यांवरून शोधावे. ज्या दुव्यावर आपला सर्वांत अधिक विश्वास असतो, तोच बहुधा चुकलेला असतो.

सहाव्या ओळीने अधिक वेळ घेतला. अंगठ्याच्या सावलीने तिचा मधला भाग आणि सालाचा शेवटचा अंक गिळला होता. बर्जेस यांचा संबंध असलेली आणि लेण्यांविषयीची किमान तीन पुस्तके १८८० पासूनच्या चारच वर्षांत निघाली आहेत. १८८० साली फर्ग्युसन व बर्जेस यांचे 'द केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया'. १८८१ साली बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे 'इन्स्क्रिप्शन्स फ्रॉम द केव्ह टेंपल्स ऑफ वेस्टर्न इंडिया'. आणि १८८३ साली एकट्या बर्जेस यांचा बौद्ध लेणी व त्यांतील लेख यांवरचा अहवाल. तिन्हींच्या शीर्षकांत 'केव्ह टेंपल्स' हे शब्द आहेत आणि तिन्हींचे साल '१८८'ने सुरू होते. मग निवाडा कशावर करावा?

'बर्जेस व' या दोन शब्दांवर. 'व' आहे म्हणजे दुसरे नाव आहे; म्हणून १८८३चा अहवाल गळतो. १८८०च्या ग्रंथात फर्ग्युसन यांचे नाव आधी आहे. यादीत बर्जेस आधी आहे. म्हणून १८८१चे पुस्तक संभवनीय ठरते. परंतु हा तर्क होता, पुरावा नव्हता, कारण घाईने लिहिणारा माणूस नावांचा क्रम उलटू शकतो. म्हणून दुसऱ्या रकान्यात '१८८१चे असावे' असे लिहून तिसरा रकाना रिकामाच ठेवला आणि सहाध्यायाला कागद पुन्हा टिपण्यास सांगितले. या खेपेस सूचना नेमक्या दिल्या : कागद खिडकीजवळ सपाट ठेवावा, भ्रमणध्वनीचा दिवा लावू नये, कागदाच्या चारही कडा चौकटीत याव्यात, घडीच्या वरचा आणि खालचा भाग असे दोन वेगळे निकट फोटो घ्यावेत, आणि मागची बाजूही टिपावी. दुसऱ्या छायाचित्रात 'भगवानलाल' हे नाव स्पष्ट आले. मागील बाजूस पेन्सिलीने एक प्रश्नही लिहिलेला आढळला. त्याच्याकडे पुढे येऊच.

नवव्या ओळीची अडचण निराळ्या जातीची होती. 'गोगटे — चौल बंदर' हे पुस्तकांच्या तालिकेत सापडत नाही, कारण ते पुस्तक नाही. विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'द एन्शंट पोर्ट अॅट चौल' हा लेख 'जर्नल ऑफ इंडियन ओशन आर्किऑलॉजी' या नियतकालिकाच्या तिसऱ्या अंकात, २००६ साली आला. यादीत लेख आणि पुस्तक एकाच पद्धतीने लिहिलेले असतात. म्हणून एखादी अलीकडची नोंद पुस्तक म्हणून मिळत नसेल, तर ती नियतकालिकातील लेख किंवा संपादित ग्रंथातील प्रकरण असावी असे समजून शोधावे; आणि सापडल्यावर लेखाच्या शीर्षकासोबत नियतकालिकाचे नाव व अंकही लिहावा, नाहीतर वाचकाला आमच्यासारखाच निष्फळ शोध घ्यावा लागेल.

ताडून पाहणे

पुस्तक ओळखले की काम संपले असे वाटते. पण आपल्या विषयाविषयी त्यात काय आहे, हे पाहिल्यावाचून टीप लिहिता येत नाही. आणि संपूर्ण पुस्तक वाचण्याइतका वेळ कोणाजवळच नसतो. म्हणून प्रत्येक पुस्तकाचे तीन भाग पाहण्याचे ठरविले : अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि शेवटची शब्दसूची, आणि शब्दसूचीने दाखविलेली पाने. जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर वाचावयास मिळतात. नव्या पुस्तकांसाठी ग्रंथालयात जावे लागले. एका नोंदीस साधारण अर्धा तास पुरला.

येथे चौलने आम्हांला एक धडा दिला. शॉफच्या पुस्तकाच्या सूचीत 'चौल' पाहून आम्ही ग्रंथाचे मूळ भाषांतर धुंडाळले आणि तेथे चौल आढळेना. कारण ग्रीक खलाशाने ते 'सेमिल्ला' म्हटले आहे. टॉलेमीकडे 'सिमिल्ला', कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत 'चेमुल', शिलाहारांच्या लेखांत 'चेमूल्य', अरब प्रवाशांकडे 'सैमूर', मराठी कागदपत्रांत 'चेऊल' : हे सारे एकच गाव. एका नावाने शोधून 'या पुस्तकात चौल नाही' असे लिहिणे म्हणजे, माणसाचे दुसरे नाव ठाऊक नसल्यामुळे तो गावात राहत नाही असे म्हणण्यासारखे आहे. तेव्हापासून वहीच्या मुखपृष्ठावर सहाही नावे लिहिली आणि प्रत्येक सूची त्या सहा नावांनी पाहिली.

गॅझेटियरच्या बाबतीत दुसरी गोष्ट उलगडली. यादीत कुलाब्याचा अकरावा खंड आहे. चौल आणि कुडे लेणी दोन्ही त्यात आहेत. परंतु कान्हेरी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती म्हणून तिचे वर्णन चौदाव्या, म्हणजे ठाण्याच्या स्थलवर्णन खंडात, १८८२ साली छापले गेले. कान्हेरीसाठी कुलाब्याचा खंड चाळणाऱ्याला काहीच मिळणार नाही. हे गुरुजींच्या यादीत नव्हते. आम्ही ते तिसऱ्या नोंदीच्या टिपेत सांगितले.

टीप लिहिणे

दुसऱ्या रविवारी टिपा लिहिल्या. त्या वाचून पाहिल्या तेव्हा लाज वाटली. डा कुन्हांविषयी 'चौलच्या इतिहासासाठी अत्यंत उपयुक्त ग्रंथ'. गॅझेटियरविषयी 'चौलविषयी मौलिक माहिती'. गोखल्यांविषयी 'अभ्यासकांना अपरिहार्य'. एकाने गंमत म्हणून टिपांची अदलाबदल करून पुन्हा वाचल्या आणि कोणालाच फरक कळला नाही. तीच पुढे आमची कसोटी झाली : एका नोंदीची टीप दुसऱ्या नोंदीखाली ठेवली तरी चालत असेल, तर ती टीप नव्हे.

दोष शब्दांत नव्हता. आम्ही प्रश्नच ठरविला नव्हता. 'उपयुक्त' हा शब्द अपुरा आहे. कशासाठी उपयुक्त, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ नाही. उत्तर कागदाच्या मागील बाजूस पेन्सिलीने लिहिलेले होते : 'सातवाहनकाळी चौल बंदराचा बौद्ध लेण्यांशी संबंध काय?' गुरुजींनी यादी या प्रश्नासाठी केली होती. तो प्रश्न वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहिला आणि टिपा नव्याने लिहिल्या. प्रत्येक टिपेत तीन गोष्टी असाव्यात असे ठरविले : या प्रश्नासाठी पुस्तकातील कोणता भाग पाहावा, त्यातून काय मिळते, आणि ते कोठे थांबते. तिसरी गोष्ट लिहिताना हात अडखळतो; पण वाचकाचा वेळ तीच वाचविते.

ग्रंथसूची शेवटी अशी सिद्ध झाली :

१. शॉफ, विल्फ्रेड (अनुवादक) : 'द पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी', लाँगमन्स, ग्रीन, न्यूयॉर्क, १९१२.
टीप : परिच्छेद ५३मध्ये कल्याणच्या पुढील बाजारपेठांत 'सेमिल्ला'चे नाव, बंदर पहिल्या शतकात चालू होते एवढे यावरून ठरते, धर्माविषयी काही नाही.

२. डा कुन्हा, जे. गर्सन : 'नोट्स ऑन द हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ चौल अँड बसीन', थॅकर, व्हायनिंग, मुंबई, १८७६.
टीप : गावाच्या प्राचीन नावांची चर्चा आरंभीच्या पानांत, पुढील बहुतेक भाग पोर्तुगीज काळाचा आहे.

३. 'गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी', खंड ११, कुलाबा व जंजिरा, मुंबई, १८८३.
टीप : 'चौल' आणि 'कुडे' या दोन स्थलनोंदी एकत्र वाचाव्यात, कान्हेरीसाठी खंड १४ (ठाणे, १८८२) पाहावा.

४. गोखले, शोभना : 'कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स', डेक्कन कॉलेज, पुणे, १९९१.
टीप : 'चेमुल' येथील दात्यांचे लेख मूळ वाचनासह, या प्रश्नाचा सर्वांत थेट पुरावा, परंतु तो कान्हेरीतील आहे, चौलमधील नव्हे.

५. गोखले, बाळकृष्ण गोविंद : 'बुद्धिझम इन महाराष्ट्र : अ हिस्टरी', पॉप्युलर प्रकाशन, मुंबई, १९७६.
टीप : लेण्यांच्या काळाची सलग पार्श्वभूमी, आधी हे वाचून मग लेखांकडे वळावे.

६. बर्जेस, जेम्स व इंद्रजी, भगवानलाल : 'इन्स्क्रिप्शन्स फ्रॉम द केव्ह टेंपल्स ऑफ वेस्टर्न इंडिया', मुंबई, १८८१.
टीप : कुडे येथील दानलेखांसाठी, म्हणजे चौलच्या दक्षिणेकडील लेण्यांशी तुलना करण्यासाठी, वाचने जुनी आहेत, नंतरच्या वाचनाशी ताडावीत.

७. रे, हिमांशु प्रभा : 'मोनॅस्टरी अँड गिल्ड', ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, दिल्ली, १९८६.
टीप : व्यापारी, श्रेणी आणि विहार यांच्या परस्परसंबंधाचा युक्तिवाद, नवी साधने नव्हेत, साधनांचा अर्थ कसा लावावा ते येथे मिळते.

८. बार्बोसा, दुआर्ते : 'द बुक ऑफ दुआर्ते बार्बोसा', खंड १, अनुवाद डेम्स, हक्लूइट सोसायटी, लंडन, १९१८.
टीप : सोळाव्या शतकाच्या आरंभीचे चौल, आपल्या प्रश्नाच्या काळाहून सुमारे चौदाशे वर्षांनी पुढचे, म्हणून या प्रश्नासाठी बाजूला ठेवावे.

९. गोगटे, विश्वास व इतर : 'द एन्शंट पोर्ट अॅट चौल', 'जर्नल ऑफ इंडियन ओशन आर्किऑलॉजी', अंक ३, २००६.
टीप : चौलच्या भूमीतून मिळालेला उत्खननाचा पुरावा, ग्रंथ व लेख यांवर अवलंबून नसलेली साक्ष म्हणून स्वतंत्रपणे तोलावी.

आठव्या नोंदीविषयी आमच्यात वाद झाला. प्रश्नाशी संबंध नाही तर नोंद काढून टाकावी, असे काहींचे म्हणणे. आम्ही ती ठेवली. यादी गुरुजींची आहे. तिच्यातून ओळ गाळली तर पुढच्या वाचकाला ती आम्ही पाहिली नाही की पाहून सोडली, हे कळणार नाही. 'बाजूला ठेवावे' हीदेखील टीपच आहे. प्रश्न बदलला, उदाहरणार्थ पोर्तुगीज येण्याच्या वेळी चौलच्या बाजारात काय विकले जात होते असे कोणी विचारले, तर हीच नोंद पहिल्या क्रमांकाची ठरेल आणि चौथी मागे पडेल. टीप पुस्तकाची नसते. पुस्तक आणि प्रश्न यांच्या नात्याची असते.

टिपांनी काय दाखविले

तिसऱ्या रविवारी सर्व टिपा एकाखाली एक वाचल्या आणि एक गोष्ट आपोआप उघडी पडली. चौल आणि लेणी यांचा संबंध सांगणारी पुस्तके अनेक दिसत होती. पण त्या संबंधाचा पुरावा कोठून येतो हे पाहिले, तर बहुतेक वाटा कान्हेरीतील चेमुलच्या दात्यांच्या लेखांकडेच जात होत्या. गॅझेटियरमधील चौलच्या नोंदीने तर डा कुन्हांचा आधार ठिकठिकाणी तळटिपांत दिला आहे. म्हणजे दुसरी आणि तिसरी नोंद या पूर्णतः स्वतंत्र साक्षी नव्हेत. नऊ ओळींमागे मूळ साक्षी मोजक्याच : ग्रीक खलाशाचे वृत्त, लेण्यांतील लेख आणि चौलच्या भूमीतील उत्खनन. केवळ पुस्तकांची नावे लिहून थांबलो असतो, तर नऊ पुस्तके म्हणजे नऊ साक्षीदार असे आम्ही धरून चाललो असतो.

याचा परिणाम भित्तिपत्रकावर झाला. आमच्या पहिल्या मसुद्यात 'प्राचीन चौल हे बौद्ध विहारांचे मोठे केंद्र होते' असे वाक्य होते. ते वाचून कोणालाही आनंद झाला असता. आम्हांलाही झाला होता. चौथ्या नोंदीच्या टिपेतील शेवटचे शब्द वाचल्यावर ते वाक्य टिकेना. चेमुलच्या रहिवाशाने कान्हेरीस दान दिले, यावरून चेमुलचा रहिवासी सुमारे सत्तर किलोमीटर उत्तरेकडील विहाराशी जोडलेला होता हे सिद्ध होते; चेमुलात विहार होता हे त्या लेखावरून सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतील, पण एकीच्या पुराव्यावर दुसरी उभी करता येत नाही. काहींना हे रुचले नाही. एक जण म्हणाला, 'आपल्याच शाळेच्या भिंतीवर आपणच आपला दावा कमी करायचा?' त्यावर दुसऱ्याने एवढेच म्हटले की, उद्या एखादा विद्यार्थी ही टीप वाचून कान्हेरीचा लेख उघडील, तेव्हा त्याला आपले वाक्य आणि तो लेख जुळलेले दिसले पाहिजेत.

शेवटी भिंतीवर गेले ते वाक्य असे : 'सातवाहनकाळी चेमुल, म्हणजे आजचे चौल, येथील रहिवाशांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली, तेथील ब्राह्मी लेखांत त्यांच्या गावाचे नाव कोरलेले आहे.' वाक्य लहान झाले. त्याखाली आम्ही नऊ नोंदींची सूची तिच्या टिपांसह लावली, आणि तिच्या शेजारी गुरुजींच्या कागदाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे. पहिल्या रकान्यातील प्रश्नचिन्हही तसेच ठेवले आहे. ज्याच्याजवळ गुरुजींच्या हस्ताक्षरातील आणखी एखादा कागद असेल, त्याने तो सपाट ठेवून, चारही कडा आणि मागील बाजूसह टिपून आमच्याकडे पाठवावा, एवढी विनंती.